काळवंडलेला जरीकाठ: आधी धागा ओळखा, मग हात लावा

*आईची जांभळी पैठणी आहे, चाळीसेक वर्षांपूर्वीची. काठाची आणि पदराची जर काळपट पडली आहे, घडीवर तर काळ्या रेघाच उमटल्या आहेत. कमरेजवळच्या काठावर दोन-तीन हिरवट ठिपके आहेत. पदराच्या टोकाचा सुटा धागा जाळून पाहिला तर केस जळल्यासारखा वास आला. कोणी टूथपेस्ट सांगते, कोणी लिंबू, कोणी फॉईल आणि सोडा. धागा विरघळू नये आणि चमकही जाऊ नये, असे घरी काय करता येईल?*

घरी बरेच करता येईल, पण ते सगळे कोरडे किंवा जवळजवळ कोरडे असायला हवे. तुम्ही ऐकलेल्या तिन्ही उपायांपैकी एकही या साडीवर करू नका. त्याची कारणे पुढे येतीलच, पण त्याआधी तुमच्या धाग्याबद्दल एक गोष्ट पक्की करून घ्या.

केसांसारखा वास आला म्हणजे आतला धागा रेशमाचा आहे, एवढेच कळले. वर गुंडाळलेली तार कशाची आहे हे त्या वासावरून कळत नाही. खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला. नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर असतो आणि आत बहुधा सूत किंवा कृत्रिम धागा असतो, पण तांब्याची तार रेशमावर गुंडाळलेलीही सापडते. म्हणून पदराच्या टोकाचा आणखी एक सुटा, न जाळलेला धागा घ्या. चिमट्याने त्याची तार बोटभर उलगडा, काचेवर ठेवा आणि अगदी बारीक पॉलिशपेपरने दोन-तीनदा घासा. आतून पांढरी तार निघाली तर चांदी, लालसर निघाली तर तांबे. हे भिंगातून आणि दिवसाच्या उजेडात पाहा, पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात.

तिसरा प्रकार तुमच्याकडे नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. प्लास्टिक जरीत पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर अॅल्युमिनियमचा थर आणि त्यावर रंगीत लाख असते. जाळल्यावर ती वितळून तिची कडक गोळी होते. ही जर काळी पडत नाही. ती फिकट, पांढुरकी किंवा पारदर्शक होते, कारण घामाने किंवा साबणाच्या अल्कलीने अॅल्युमिनियमच विरघळून गेलेले असते. तिथे साफ करण्यासारखे काही उरलेलेच नसते. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने तिच्यावरची लाख उतरू शकते, त्यामुळे अशा काठाला कोरड्या मऊ ब्रशापलीकडे काही लावू नये.

तुमची तार पांढरी निघाली असे धरून पुढे जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या, रेशमी गाभ्याच्या पैठणीत तसे असण्याची शक्यता चांगली आहे. तार तांब्याची निघाली तर काय बदलते तेही त्या त्या ठिकाणी सांगेन.

काळेपणा नेमका कुठून येतो

सोने काळे पडत नाही. पण जरीवरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कितीतरी पातळ असतो आणि त्यात बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून हवेतले गंधकयुक्त वायू खालच्या चांदीपर्यंत पोचतात. तिथे तयार झालेले काळे सिल्व्हर सल्फाइड वर येऊन सोन्यावर पसरते. म्हणजे काळा थर वर, सोने मध्ये आणि चांदी खाली, असा हा क्रम आहे. सगळी गंमत आणि सगळा धोका याच क्रमात आहे. काळा थर निघेल पण त्याखालचा सोन्याचा थर निघणार नाही, इतक्याच जोराने काम करायचे असते. सोने एकदा गेले की पांढरी चांदी उघडी पडते आणि ती पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा लवकर काळी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे जो मंदपणा दिसतो तो सगळा सल्फाइडचा नसतो. अंगाचे तेल, पावडर, अत्तर, धूळ आणि साडीला कधीकाळी दिलेली खळ यांचा एक चिकट पापुद्रा जरीवर बसतो. जुन्या साडीत काळपटपणाचा मोठा भाग हाच असतो आणि तो काढायला सोन्याला धक्का लावावा लागत नाही. म्हणून आधी धूळ, मग तेल आणि सगळ्यात शेवटी सल्फाइड. हा क्रम उलटा केला तर तेलात अडकलेली धूळच सोन्यावर घासली जाते.

ते तीन उपाय का नकोत

टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर घासून काढणारी कठीण भुकटी असते. दाताचे एनॅमल ती सहन करते, मायक्रॉनच्या अंशाएवढे सोने सहन करत नाही. शिवाय पेस्ट विणीत रुतते आणि काढायला पाणी लागते.

लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी पितळ उजळते, कारण ही आम्ले तांब्याचे ऑक्साइड विरघळवतात. सिल्व्हर सल्फाइड त्यांना फारसे दाद देत नाही. म्हणजे खऱ्या जरीचा काळेपणा तसाच राहतो, आम्ल मात्र चांदीत मिसळलेल्या तांब्याला चावते, रेशमाचा रंग हलवते आणि धाग्यात झिरपून बसते. तांब्याच्या जरीवर दोन दिवस गुलाबी झळाळी येते आणि मग ती आधीपेक्षा जास्त काळी किंवा हिरवी होते.

फॉईल आणि सोड्याची कृती चांदीच्या भांड्यावर खरोखर चालते. अॅल्युमिनियममुळे सल्फाइडची परत चांदी होते. पण ती चांदी खरखरीत, राखाडी कणांच्या रूपात जिथे सल्फाइड होते तिथेच बसते, आणि जरीत ती जागा सोन्याच्या वर आहे. त्यामुळे काठ काळ्याचा राखाडी होतो, सोनेरी होत नाही. वर गरम पाणी आणि अल्कली या दोन्ही रेशमाच्या शत्रू गोष्टी त्यात आहेत. खाण्याचा सोडा सौम्य आहे, पण धुण्याचा सोडा वापरला तर रेशीम निस्तेज होते, आणि गरम, तीव्र अल्कलीत रेशीम अक्षरशः विरघळते. क्लोरीनच्या ब्लीचमध्येही तेच होते. शिवाय भिजल्यावर जरीच्या आतला रेशमी गाभा फुगतो आणि वाळताना आकसतो, वरची तार मात्र आकसत नाही. मग तार सैल पडते, काठाला लाटा येतात आणि गाभ्याचा पिवळा किंवा लाल रंग अंगावर उतरतो.

चांदी बुडवून उजळवायचे तयार द्रव मिळतात, त्यांचेही नाव काढू नका. त्यांत आम्ल आणि थायोयुरिया असतो. तो द्रव तार आणि गाभा यांच्या फटीत शोषला जातो आणि कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही.

तयारी

काठाला फॉल लावलेला असेल तर आधी तो उसवा. फॉलची खळ ओल धरते, घामाचे मीठ त्याच्यामागे साचते, आणि तो तसाच ठेवून काम केले तर भुकटी त्यात अडकून राहते. पुढे नवा फॉल लावाल तेव्हा तो आधी धुऊन, खळ काढून लावा.

मोठ्या टेबलावर धुतलेली पांढरी सुती चादर दुहेरी अंथरा. साडी पूर्ण आधारावर असावी, काठ टेबलावरून लोंबकळू नये. उजेड बाजूने पडेल असा दिवा ठेवा, म्हणजे उचकटलेली तार लगेच दिसते. हातांत नायट्राइलचे हातमोजे घाला, साध्या रबराचे नकोत, कारण रबरात गंधक असते. बाकी सामान थोडेच आहे: मेकअपचा नवा, अगदी मऊ ब्रश, कापूस, पातळ लाकडी काड्या, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलक्या मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी, पांढरा टिपकागद, भिंग आणि कमी ओढीवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर. व्हॅक्युमच्या तोंडाला नायलॉनची जाळी घट्ट बांधा. अल्कोहोल 70 टक्क्यांचे घेऊ नका, त्यातले उरलेले पाणीच रेशमावर डाग पाडते.

आता भिंगातून पूर्ण काठ पाहा आणि तुटक्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घालून खूण करा. घडीवरच्या काळ्या रेघा विशेष काळजीने पाहा. घडीचा बाहेरचा कोपरा हवेला जास्त उघडा असतो म्हणून तिथे काळेपणा गडद असतोच. पण वर्षानुवर्षे त्याच रेषेवर दुमडल्याने तार तडकलेलीही असू शकते. भिंगातून काळ्या रेघेत पिवळा किंवा लाल गाभा डोकावताना दिसला तर ती तुटलेली तार आहे. त्या रेघेवर ब्रश, बोळा, भुकटी काहीच फिरवायचे नाही. तिथे मागून पातळ रेशमी जाळी लावून रफूगाराकडून आधार द्यायला हवा.

धूळ, मग तेल

जर ज्या दिशेने गेली आहे त्याच दिशेने ब्रश हलकेच ओढा आणि सुटलेली धूळ जाळी लावलेल्या व्हॅक्युमने टिपा. आडवा ब्रश मारला की चपट्या तारेच्या कडा उचकटतात. काठाची उलटी बाजूही करा.

अल्कोहोलची चाचणी ही यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. पाण्यात पक्के राहणारे काही रंग अल्कोहोलमध्ये सुटतात, आणि तुमची साडी जांभळी आहे. काठाला लागून असलेले रेशीम उलट्या बाजूने, न दिसणाऱ्या जागी निवडा. जेमतेम ओला बोळा तिथे 30 सेकंद दाबून धरा आणि मग कोरड्या पांढऱ्या कापसाने टिपा. जरीच्या गाभ्याचीही अशीच वेगळी चाचणी करा. कापसावर जरासाही जांभळा, पिवळा किंवा लाल रंग आला तर अल्कोहोल बाद, मग फक्त कोरड्या पायऱ्या करायच्या.

रंग सुटला नाही तर खिडक्या उघडा, घरातली सगळी ज्योत विझवा आणि काम सुरू करा. काडीला कापूस गुंडाळा, अल्कोहोलमध्ये बुडवा आणि टिपकागदावर दाबून जास्तीचा द्रव काढून टाका. बोटाला लावल्यावर थंडावा जाणवावा पण थेंब उमटू नये, इतपत ओल पुरे. काठाखाली टिपकागद सरकवा. जांभळे रेशीम जिथे सुरू होते तिथे पातळ प्लास्टिकची पट्टी धरा. मग बोळा जरीवर लाटण्यासारखा फिरवा, घासू नका. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच घ्या. बोळा पिवळट-करडा झाला की लगेच टाका, कारण मळका बोळा परत फिरवला तर काढलेले तेल पुन्हा विणीत ढकलले जाते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बोळा जास्त ओला असणे. मग तेल ओलीच्या कडेला वाहत जाते आणि वाळल्यावर करडी कड उमटते. तशी कड दिसली तर अजून कोरड्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे काम करत या.

हे झाल्यावर थांबा आणि काठ दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात पाहा. पुष्कळदा इथेच सोनेरी रंग बऱ्यापैकी परतलेला असतो. तसे असेल तर पुढची पायरी करूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळा थर

मॅग्नेशियम कार्बोनेटची हलकी भुकटी जर साफ करायला फार जुन्या काळापासून वापरात आहे. ती मऊ असते, पाणी मागत नाही आणि थोडे उरलेले तेलही शोषून घेते. तरीही ती घासूनच काम करते, हे विसरू नका.

पहिली चाचणी पदराच्या आतल्या कोपऱ्यात, दोन सेंटिमीटरवर. चिमूटभर भुकटी कोरड्या मऊ सुती कापडाच्या घट्ट बोळ्यावर घ्या. ती जरीवर आधी टिपा आणि मग तारेच्या दिशेने, बोटाच्या वजनापेक्षा जास्त जोर न देता, आठ-दहा वेळा ओढा. भुकटी ब्रशने झटका, व्हॅक्युमने ओढा आणि कापड पाहा. कापडावर करडा किंवा काळा माग असेल तर सल्फाइड निघते आहे, सगळे ठीक आहे. माग पिवळसर आणि चकचकीत असेल, किंवा भिंगातून तार पांढरी दिसू लागली असेल, तर सोने निघते आहे. त्या क्षणी काम बंद करा. तार तांब्याची असलेल्या काठावर हीच खूण गुलाबी रंगाने दिसते, आणि तिथे चांदीचा थर इतका तुटपुंजा असतो की ही पायरी गाळलेलीच बरी.

चाचणी चांगली आली तरी ती जागा एक दिवस तशीच ठेवा आणि मगच पुढे जा. साधारण 15 सेंटिमीटर काठाला पाव चमचा भुकटी पुरते. प्रत्येक जागी एकच फेरी करा. संपूर्ण काठ एकदा झाल्यावर लांबून पाहा, जवळून नाही. निम्मा-पाऊण काळेपणा गेला की काठ नेसल्यावर उजळ दिसतो. उरलेला गडदपणा विणीच्या खाचांत असतो आणि त्यामुळे नक्षी उठून दिसते. तो काढायचा हट्ट धरला की उंचवट्यांवरचे सोने जाते, आणि काठ सपाट व पांढुरका दिसू लागतो. चमक गेली म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच जाते.

भुकटी पूर्ण निघाली आहे याची खात्री करायला काठ तिरक्या उजेडात धरा, पांढरे कण चमकतात. सरळ बाजू आणि उलटी बाजू दोन्हीकडून व्हॅक्युम करा. हे होण्याआधी इस्त्री केली तर कण विणीत दाबले जातात आणि मग निघत नाहीत. इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने, वर सुती कापड घालून, कमी तापमानावर आणि वाफेशिवाय.

हिरवट ठिपके

हे वेगळे प्रकरण आहे. जरीच्या चांदीत थोडे तांबे असतेच. कमरेजवळ घामातले मीठ आणि ओल मिळाली की तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात. ते ओले केले तर हिरवा रंग रेशमात पसरतो आणि तो डाग कायमचा राहतो, म्हणून तिथे अल्कोहोलही नको. तोंडाला मास्क लावा, लाकडी दातकोरणीचे टोक चपटे करून घ्या आणि भिंगाखाली हिरवी भुकटी हलकेच खरवडून लगेच व्हॅक्युमने ओढा. वरवर सुटेल तेवढीच काढा. ठिपक्याखालची तार बऱ्याचदा पोखरलेली असते. ती हलू लागली की तिथे थांबा. उरलेला हिरवा भाग कोरडा राहिला तर पुढे फार पसरत नाही. घामाचे मीठ मात्र तिथे असतेच, त्यामुळे पावसाळा संपल्यावर ती जागा दर वर्षी पाहा.

बाहेर द्यायची असेल तर

ड्रायक्लीनिंगमध्ये तेल निघते, सल्फाइड निघत नाही. म्हणून "ड्रायक्लीन करूनही जर काळीच राहिली" ही तक्रार कायम ऐकू येते. साडी पॉलिशला दिली की खळ देऊन रोल प्रेस करतात. साडी कडक आणि नवी दिसते, पण काळा थर खळीखाली तसाच राहतो आणि खळ ओल धरते. कोणी जर उजळवून देतो म्हणाले तर काठ कशात बुडवणार आहात का, एवढे विचारा. उत्तर "हो" असेल तर साडी परत घेऊन या. आणि उजळलेली जर टिकावी म्हणून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिश किंवा हेअर स्प्रे मारायचा सल्ला मिळतो, तोही ऐकू नका. तो थर पिवळा पडतो, तार गाभ्याला चिकटवतो आणि दुमडल्यावर तारेसकट तडकतो.

साफ केल्यानंतर

उजळलेली चांदी गंधक शोधतच असते. साडी न रंगवलेल्या, खळ नसलेल्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र, रंगीत कागद, पुठ्ठ्याचा खोका, लोकर आणि रबरबँड यांपैकी काहीही जरीजवळ नको. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडी पुरचुंडीत, साडीला न टेकता. टाचणी आणि सेफ्टीपिन घडीत विसरू नका, तिथून गंजाचा डाग सुरू होतो. दर तीन-चार महिन्यांनी साडी उघडा, सावलीत तासभर हवा द्या आणि जुन्या रेषा टाळून नव्या ठिकाणी घडी घाला. प्रत्येक घडीत सुती कापडाची सैल गुंडाळी ठेवली तर तार कोनात मोडत नाही. तुमच्या पैठणीचा पदर घडीत घालूच नका, सुती कापड गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळा. गुंडाळताना जर बाहेरच्या बाजूला ठेवा, आत राहिली तर तिला चुण्या पडतात.